बुडबुड्याची चाल

झाड पाणी पितं हे सगळ्यांना माहीत असतं, पण पिताना पाहिलेलं कुणी नसतं. कुंडीत ओतलेलं पाणी मातीत जिरतं आणि पुढचा सगळा कारभार पडद्याआड चालतो. तो पडदा जरासा बाजूला करणारं एक साधं उपकरण आहे, पोटोमीटर. पाण्याने भरलेली काचेची नळी, तिच्या एका टोकाला रबरी बुचात घट्ट बसवलेली पानांची फांदी, दुसरं टोक म्हणजे लांब, बारीक केशनलिका आणि तिच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी. केशनलिकेत हवेचा एकच बुडबुडा सोडायचा. फांदी पाणी ओढते तसा तो फांदीच्या दिशेने सरकतो. आपण घड्याळ हातात घेऊन त्याच्याकडे बघत बसायचं.

बघत बसण्याची वेळ येण्याआधी मात्र बरीच लगबग असते. फांदी पाण्याखाली कापावी लागते आणि पाण्याखालीच बुचात बसवावी लागते. खोडातल्या जलवाहिन्यांमधलं पाणी वरून ओढलं जात असल्यामुळे ताणलेलं असतं. उघड्यावर कात्री चालवली की त्या ताणामुळे हवा आत शिरते आणि पाण्याची सलग धार तुटते. असं झालं की बुडबुडा जागचा हलत नाही आणि आपण विनाकारण बूच दाबत, नळी ठोकत बसतो. सांध्यांवर बाहेरून व्हॅसलिन फासायचं, पानांवरचं पाणी हलक्या हाताने टिपून घ्यायचं, कारण ओल्या पानातून वाफ नीट बाहेर पडत नाही. मग फांदीला दहा-पंधरा मिनिटं स्थिरावू द्यायचं. ही शेवटची पायरी उरकण्याची घाई सगळ्यांनाच होते.

बुडबुडा आत घ्यायची रीत मला फार आवडते. केशनलिकेचं टोक चंचुपात्रातल्या पाण्यात बुडालेलं असतं. ते क्षणभर बाहेर काढायचं, फांदी स्वतःच थोडी हवा आत ओढते, की लगेच टोक पुन्हा पाण्यात. बुडबुडा फांदीपर्यंत पोचण्याआधी नळीला वर जोडलेल्या पाण्याच्या साठ्याची तोटी जराशी उघडली की तो मागे ढकलला जातो आणि तीच शर्यत पुन्हा लावता येते.

आता समजा, नळीचं छिद्र १ मिलिमीटर व्यासाचं आहे आणि शांत, उजेडाच्या खोलीत बुडबुडा ५ मिनिटांत ४० मिलिमीटर सरकला. छिद्राचं क्षेत्रफळ साधारण ०.७८५ चौरस मिलिमीटर, त्याला ४० ने गुणलं की ३१.४ घन मिलिमीटर पाणी. तासाचा हिशेब केला तर सुमारे ३७७ घन मिलिमीटर, म्हणजे अर्धा मिलिलिटरसुद्धा नाही. एवढंसं पाणी साध्या मोजपात्रात कळलंच नसतं. बारीक नळीत तेच बोटभर लांब होऊन डोळ्यांसमोर येतं.

हा बारीकपणा अंगाशीही येतो. उपकरणात समजा ५० मिलिलिटर पाणी आहे आणि दिव्याच्या उष्णतेने ते फक्त एका अंशाने तापलं. पाणी प्रसरण पावतं, थोडंच, १२ घन मिलिमीटरच्या आसपास; पण आपल्या नळीत त्याचे १५ मिलिमीटर होतात, आणि तेही उलट्या दिशेने, फांदीपासून दूर. म्हणजे दिव्याच्या उजेडात फांदी खरोखर जास्त पाणी ओढत असताना बुडबुडा मंदावलेला दिसू शकतो. पोटोमीटर हा चोरून बसलेला थर्मामीटर आहे, असं म्हटलं तरी चालेल. नळीला हाताची मूठ लावून बघा, बुडबुडा लगेच चुगली करतो. म्हणून फांदीच्या जागी काचेची कांडी घालून तोच दिवा, तोच पंखा लावून एकदा बघावं. बुडबुडा जागेवर राहिला तर ठीक. सरकला तर दोष तापमानाचा किंवा गळक्या सांध्याचा असतो. दिवा-पंखा बंद करून, पाणी निवल्यावरही सरकत राहिला तर सांधाच गळतोय.

ही खातरजमा झाल्यावर पंख्याची गंमत बघण्यासारखी आहे. पंखा मंद लावला आणि बुडबुड्याने त्याच ५ मिनिटांत ४० ऐवजी ६० मिलिमीटर गाठले, असं धरू. पानाच्या आतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. पर्णरंध्रांतून बाहेर पडलेली वाफ शांत हवेत पानालाच चिकटून राहते, एक दमट पापुद्रा तयार होतो आणि पुढच्या वाफेची वाट अडते. वारा तो पापुद्रा पातळ करतो. ओले कपडे वाऱ्यावर लवकर वाळतात, तसंच. फक्त कपड्याला स्वतःची दारं बंद करता येत नाहीत, पानाला येतात. पंखा जोरात ठेवला की पानातून जाणारं पाणी खालून येणाऱ्या पाण्याहून जास्त होतं, रंध्रांच्या कडेच्या रक्षक पेशी ढिल्या पडतात, रंध्रं मिटू लागतात आणि बुडबुडा पुन्हा रेंगाळतो. ‘वारा वाढला की वेग वाढतो’ हे वाक्य त्यामुळे एका मर्यादेपर्यंतच खरं.

फांदीवर पॉलिथिनची पिशवी चढवली तर याच्या उलट. आतली हवा दमट होत जाते आणि वेग उतरतो, पण एकदम नाही, पिशवीतली हवा भरेपर्यंत वेळ लागतो. उजेडाचंही तसंच. दिवा मालवल्यावर बुडबुडा थांबत नाही म्हणून गोंधळायचं कारण नाही. रंध्रं मिटायला बरीच मिनिटं लागतात. परिस्थिती बदलल्यावर पहिले काही आकडे सोडून द्यावेत. मी तर एकामागोमाग घेतलेली दोन मापं जुळेपर्यंत वहीत काही लिहीतच नाही.

खोलीच्या तापमानाचा परिणाम मात्र अंदाजापेक्षा मोठा असतो. २० अंशांना संपृक्त हवेतल्या बाष्पाचा दाब सुमारे २.३४ किलोपास्कल, तर ३० अंशांना ४.२४. खोलीतली आर्द्रता २० अंशांना निम्मी, म्हणजे बाहेरचा दाब १.१७, धरली तर पानाच्या आत-बाहेरचा फरकही १.१७ होतो. बाष्प तेवढंच ठेवून खोली आणि पान ३० अंशांपर्यंत तापवलं तर तो फरक ३.०७ वर जातो, म्हणजे अडीच पटींहून जास्त. पाणी बाहेर ओढणारा जोर हा फरकच. रंध्रं तेवढीच उघडी राहिली, तर वेगही त्याच प्रमाणात वाढायला हवा.

दोन फांद्यांची तुलना करायची असेल तर पानांचं क्षेत्रफळ मोजावंच लागतं. पानं आलेखाच्या कागदावर ठेवून कडा गिरवायची, चौकोन मोजायचे. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय दहा पानांच्या फांदीला तीन पानांच्या फांदीहून जास्त तहान आहे, एवढाच शोध लागतो.

आणि बुडबुडा जे मोजतो ते पाणी आत घेणं, बाहेर टाकणं नव्हे. ताज्या, टवटवीत फांदीत दोन्ही जवळजवळ सारखंच असतं, कारण प्रकाशसंश्लेषणाला लागणारं पाणी अगदी थोडं. पण मलूल झालेली फांदी बसवली तर ती आधी स्वतःच्या पेशी भरून घेते. बुडबुडा झपाझप धावतो आणि पानांतून वाफ मात्र तेवढी जात नसते. शंका आली तर अख्खं उपकरण फांदीसकट तराजूवर ठेवावं. बुडबुड्याने दाखवलेल्या पाण्याइतकं वजन उतरलं नसेल, तर बाकीचं पाणी फांदीतच मुरलेलं असतं.