त्या शुक्रवारी मी सही केली नाही

आमचं ऑफिस महापे एमआयडीसीत आहे. हाउसिंग सोसायट्यांचा मेंटेनन्स मोबाइलवरून भरायचं ॲप आम्ही बनवतो. एका मोठ्या क्लायंटमुळे खारघरपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या बऱ्याच सोसायट्या एकदम त्यावर येणार होत्या. बिलं एक तारखेला निघतात, म्हणून रिलीज आदल्या शुक्रवारी ठरला होता. फॉर्मवर टेस्टिंगची सही माझी.

दोष सापडला तो यूपीआयमध्ये. पैसे भरल्यावर बँकेकडून उत्तर यायला कधी कधी वेळ लागतो. आमचं ॲप ३० सेकंद थांबायचं, मग ‘पेमेंट फेल’ दाखवून खाली ‘पुन्हा भरा’ असं बटण द्यायचं. पण उत्तर आलं नाही याचा अर्थ व्यवहार फसला असा होत नाही. तो पेंडिंग असतो आणि दोन मिनिटांनी यशस्वीही होऊ शकतो. तोवर माणसानं बटण दाबलेलं असतं, त्याच बिलासाठी नवा ऑर्डर नंबर तयार झालेला असतो आणि पैसे दोनदा कापले जातात.

हे आधी कोणाला दिसलं नाही, कारण ॲप आणि बँक यांना जोडणाऱ्या पेमेंट गेटवेचं टेस्ट खातं लगेच उत्तर देतं. मी ते उत्तर मुद्दाम दीड मिनिट अडवून ठेवलं आणि दोष दर वेळी येऊ लागला. मग एकाच बिलाचे एकाहून जास्त यशस्वी व्यवहार शोधणारी ही क्वेरी चालवली:

```sql
SELECT bill_id, COUNT(*)
FROM payments
WHERE status = 'SUCCESS'
GROUP BY bill_id
HAVING COUNT(*) > 1;
```

याहून वाईट गोष्ट पुढे कळली. पेमेंटच्या टेबलात दोन यशस्वी नोंदी होत्या, पण सोसायटीच्या लेजरमध्ये एकच. बिल आधीच भरलेलं दिसल्यामुळे दुसरी रक्कम लेजरमध्ये चढतच नव्हती. म्हणजे साडेचार हजारांच्या बिलापोटी रहिवाशाचे नऊ हजार गेले, तरी सोसायटीचा मॅनेजर हिशेब उघडून सांगणार की काका, तुमचे साडेचारच आलेत. पेन्शनवर घर चालवणाऱ्या माणसानं मग कोणाचं दार वाजवायचं?

मी या दोषाची सिव्हिअरिटी, म्हणजे गांभीर्याची पातळी, सर्वांत वरची लावली. दुपारी सेल्स हेड माझ्या टेबलापाशी आले.

“अगं, नेटवर्क स्लो असेल तेव्हाच होतं ना? नोन इश्यू म्हणून टाक आणि सही कर. क्लायंटला मी शब्द दिलाय.”

“सर, बिलाच्या दिवशी संध्याकाळी सगळे एकदम भरणार. तेव्हाच उत्तरं उशिरा येतात.”

“आणि दोनदा गेले तरी बँक आपोआप परत करते. आरबीआयचा नियमच आहे.”

नियम आहे, आणि तो मला माहीत होता. २०१९ च्या परिपत्रकानुसार, पैसे कापले गेले पण दुकानदाराकडे पुष्टी पोहोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण तो फसलेल्या व्यवहारांसाठी आहे. आमच्याकडचे दोन्ही व्यवहार बँकेच्या दृष्टीनं यशस्वी होते. तिथे आपोआप काहीच परत येत नाही, रिफंड आपल्यालाच करावा लागतो. त्यासाठी दुसरी रक्कम आली आहे हे आधी आपल्या हिशेबात दिसायला हवं.

त्यांचा आवाज चढला. तिमाहीचा आकडा, माझं अप्रेझल, सगळं निघालं. माझे हात गार पडले होते, पण मी फॉर्म त्यांच्यापुढे सरकवला. “सर, टेस्टरची सही म्हणजे काय तपासलं आणि काय आढळलं, एवढंच. ‘पास’ लिहिलं तर ते खोटं होईल. धोका पत्करून रिलीज करायचा अधिकार बिझनेसचा आहे. त्यासाठी खाली वेगळी ओळ आहे. तिथे तुम्ही नाव आणि कारण लिहा, मी अडवणार नाही.”

त्यांनी पेन उचललं नाही. डिलिव्हरी मॅनेजरला फोन लावला.

मॅनेजरनं दोषाचा व्हिडिओ पाहिला, लेजर पाहिलं आणि डेव्हलपरला बोलावलं. पूर्ण दुरुस्ती म्हणजे नवा ऑर्डर बनवण्याआधी जुन्याची स्थिती गेटवेला विचारणं, आणि पेंडिंग असेल तोवर बिल अडवून ठेवणं. ती घाईत करण्यासारखी नव्हती. म्हणून ठरलं की ‘पुन्हा भरा’ काढायचं, ‘फेल’च्या जागी ‘पेमेंट तपासत आहोत’ दाखवायचं आणि अंतिम उत्तर येईपर्यंत त्या फोनवर ते बिल उघडू द्यायचं नाही. शनिवारी मी उशिराची उत्तरं अडवून पुन्हा तपासलं, मगच सही केली. सेल्स हेडनी क्लायंटला एक दिवसाचा उशीर कळवला. माझ्याशी ते आठवडाभर बोलले नाहीत.

फॉर्मवर मी एक गोष्ट उघडी ठेवली आहे. नवऱ्याचं पेमेंट अडकलेलं असताना बायकोनं तिच्या फोनवरून तेच बिल भरलं, तर अजूनही दोनदा पैसे जातात. पूर्ण दुरुस्ती येईपर्यंत ती क्वेरी रोज सकाळी चालते, आणि त्यात आलेल्या प्रत्येक बिलाचा रिफंड अकाउंट्सवाले त्याच दिवशी काढतात.