तीन वर्षांचं यंत्र की सहा वर्षांचं? माझा अनुभव

पॅकिंगच्या एका कामाचा सहा वर्षांचा करार झाला होता आणि त्यासाठी यंत्र घ्यायचं होतं. दोन कोटेशनं माझ्या टेबलावर होती. एक लहान यंत्र, किंमत ६००, आयुष्य तीन वर्षं. दुसरं मोठं, किंमत ९००, आयुष्य सहा वर्षं. (सगळे आकडे हजारांत.) करारातून मिळणारे पैसे दोन्हीकडे तेवढेच. पण मोठ्या यंत्राची वीज आणि देखभाल जास्त, त्यामुळे खर्च वजा जाता लहान यंत्र वर्षाला २८० देणार होतं आणि मोठं २४०. आयुष्य संपल्यावर भंगाराचे पैसे शून्य धरले, कर बाजूला ठेवला. भांडवलाचा खर्च १० टक्के. दोन्ही यंत्रं घ्यायचा प्रश्नच नव्हता.

मी नेहमीप्रमाणे दोघांची एनपीव्ही, म्हणजे निव्वळ वर्तमान मूल्य काढलं. १० टक्क्यांनी तीन वर्षं दर वर्षअखेरीला येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत २.४८६९ आणि सहा वर्षं येणाऱ्याची ४.३५५३. लहान यंत्राचे २८० गुणिले २.४८६९ म्हणजे ६९६.३३, त्यातून ६०० गेले की उरतात ९६.३३. मोठ्याचे २४० गुणिले ४.३५५३ म्हणजे १०४५.२७, त्यातून ९०० गेले की १४५.२७. मोठं यंत्र सरळ पुढे. मी टिपण लिहायलाही घेतलं.

विभागप्रमुख मॅडमनी एकच विचारलं, "चौथ्या वर्षी लहान यंत्राच्या जागी काय असेल?" माझ्या हिशेबात तिथे काहीच नव्हतं. लहान यंत्र तीन वर्षांनी बंद पडणार, पुढची तीन वर्षं काम तसंच चालू, आणि मी मात्र त्याची तीन वर्षांची कमाई दुसऱ्याच्या सहा वर्षांच्या कमाईशी ताडून पाहत होतो.

माझा पहिला उपाय भाबडा होता. एनपीव्हीला वर्षांनी भागलं. ९६.३३ भागिले तीन म्हणजे ३२.११, १४५.२७ भागिले सहा म्हणजे २४.२१. आता लहान पुढे! पण असा भागाकार कमी आयुष्याच्या यंत्राला झुकतं माप देतो, कारण त्यात सहाव्या वर्षाचा रुपया आणि पहिल्या वर्षाचा रुपया एकाच मोलाचा ठरतो. भागायचं असतं ते वर्षांच्या संख्येने नव्हे, तर त्या २.४८६९ आणि ४.३५५३ ने. त्यातून जी रक्कम येते ती समतुल्य वार्षिक रक्कम, आमच्याकडे तिला ईएए म्हणतात. अर्थ साधा आहे: या यंत्राची एनपीव्ही त्याच्या आयुष्यभर दर वर्षी सारख्या हप्त्यांत मिळाली असती, तर हप्ता किती पडला असता?

हे स्प्रेडशीटमध्ये करताना मी सपशेल आपटलो. मी असं टाकलं:

```
=PMT(10%,3,96.33)
=PMT(10%,6,145.27)
```

उत्तरं आली −३८.७४ आणि −३३.३६. मोठी संख्या कोणती? −३३.३६. म्हणजे मोठं यंत्र! एनपीव्हीनेही तेच सांगितलं होतं, त्यामुळे मला शंकासुद्धा आली नाही. PMT हे सूत्र कर्जाच्या हप्त्यासाठी आहे. आज हातात आलेली रक्कम धन लिहिली, तर ते भरायचा हप्ता ऋण दाखवतं. एनपीव्हीच्या आधी वजा चिन्ह लावलं की प्रश्न मिटतो:

```
=PMT(10%,3,-96.33)
```

चूक सापडली ती कागदावर पडताळा घेताना. दर वर्षीची मिळकत सारखी असेल तर एनपीव्ही न काढताही ईएए मिळतो. यंत्राच्या किंमतीचा वार्षिक भार काढायचा आणि मिळकतीतून वजा करायचा. ६०० भागिले २.४८६९ म्हणजे २४१.२६, आणि २८० वजा २४१.२६ म्हणजे ३८.७४. मोठ्याचा भार २०६.६४, उरतात ३३.३६. दोन्ही धन आहेत आणि लहान यंत्र वर्षाला ५.३८ ने पुढे आहे. हा पडताळा मला सूत्रापेक्षा जास्त आवडतो, कारण दर वर्षी यंत्राच्या किंमतीपोटी किती जातं आणि हातात किती उरतं, हे त्यात लख्ख दिसतं.

तरी मॅडमसमोर जाण्याआधी साखळी लावून बघितली. लहान यंत्र तीन वर्षांनी पुन्हा घेतलं, तर त्याची ९६.३३ ही एनपीव्ही तीन वर्षं पुढे सरकते. तिची आजची किंमत १.१ च्या घनाने, म्हणजे १.३३१ ने भागून ७२.३७. दोन्हींची बेरीज १६८.७०, समोर मोठ्याचे १४५.२७. निकाल तोच. ईएए आतल्या आत हीच साखळी लावतो, फक्त लिहून दाखवत नाही.

आणि तो लिहून दाखवत नाही तीच मेख आहे. साखळीत मी दुसरं यंत्रही ६०० लाच धरलं होतं. आमच्या यंत्रविभागाच्या पर्यवेक्षकांनी टिपण वाचलं आणि म्हणाले, "तीन वर्षांनी या भावात कोण देणार आहे?" भाव वाढले तर मिळकतही वाढेल, असं एरवी म्हणता आलं असतं. तेव्हा सगळे आकडे आजच्या भावात ठेवायचे आणि १० टक्क्यांतून महागाई काढून टाकायची. पण आमच्या करारातला दर सहा वर्षांसाठी बांधलेला होता. मिळकत जागच्या जागी आणि यंत्र महाग, असा प्रकार.

मग उलटा प्रश्न घेतला: दुसरं यंत्र किती महाग झालं की निकाल फिरेल? मोठ्याची आघाडी १४५.२७ वजा ९६.३३, म्हणजे ४८.९४. ही बरोबरी साधायला दुसऱ्या लहान यंत्राने तिसऱ्या वर्षअखेरीला ४८.९४ गुणिले १.३३१, म्हणजे ६५.१४ एवढी एनपीव्ही दिलीच पाहिजे. त्याच्या मिळकतीचं तेव्हाचं मूल्य ६९६.३३, तेव्हा किंमत ६३१.१९ च्या वर जाऊन चालणार नाही. आजच्या ६०० वर फक्त ३१! तीन वर्षांत ५.२ टक्के, वर्षाला जेमतेम १.७. वर्षाला पाच टक्क्यांनी भाव वाढला तर दुसरं यंत्र सुमारे ६९५ ला पडतं, त्याची एनपीव्ही जवळपास शून्य होते आणि पूर्ण साखळीची एनपीव्ही ९८ च्या आत राहते. ईएएने दाखवलेली आघाडी इतकी पातळ होती.

लहान यंत्राच्या बाजूने एक गोष्ट उरते, ती म्हणजे तीन वर्षांनी दुसरं यंत्र न घेता थांबायची मोकळीक. ग्राहकाने करार मध्येच सोडला असता तर तिला मोल होतं, पण आमच्या करारात तशी पळवाट नव्हती.

मी टिपण नव्याने लिहिलं आणि वरच्या ओळीत ईएए न देता ६३१ हा आकडा दिला. पुरवठादाराला विचारलं, तीन वर्षांनी याच यंत्राचा भाव ६३१ च्या आत आत्ताच लिहून द्याल का? उत्तर आलं, एका वर्षापुढचा भाव आम्ही बांधून देत नाही. दुसऱ्या दिवशी मोठ्या यंत्राची ऑर्डर गेली.