साठीनंतर मांड्या आटायला लागल्या, मग वरणाची वाटी मोजायला घेतली – माझा अनुभव

माझं वय ६६, वजन ५४ किलो, पूर्ण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. वजन तेवढंच पण मांड्या आणि पोटऱ्या सैल पडल्या होत्या, बरणीचं झाकण उघडेना आणि खाली बसलं की उठताना कशाला तरी धरावं लागायचं. डॉक्टरांनी हात छातीशी घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठ-बस करायला लावली, मला १७ सेकंद लागले. १५ च्या वर गेलं म्हणजे ताकद कमी झालीय असं धरतात म्हणे. शुगर, थायरॉईड, बी-१२, डी आणि क्रिएटिनिन तपासून घेतलं. क्रिएटिनिन मुद्दाम, कारण किडनी कमजोर असेल तर प्रोटीन आपल्या मनाने वाढवायचं नसतं. माझं नॉर्मल होतं. मग त्यांनी सांगितलं की या वयात किलोमागे साधारण १ ते १.२ ग्रॅम प्रोटीन हवं, म्हणजे मला ५५ ते ६५ ग्रॅम, आणि ते दिवसभर थोडं थोडं चरत न बसता प्रत्येक जेवणात भरपूर हवं, कारण म्हातारे स्नायू थोडक्याने हलत नाहीत.

मला वाटायचं आपण रोज वरण खातो की. सुनेने किचनचा वजनकाटा काढला आणि कच्ची डाळ मोजली, तर माझ्या वाटीतल्या पातळ वरणात जेमतेम १५ ग्रॅम तूरडाळ, म्हणजे प्रोटीन तीन-साडेतीन ग्रॅम! बाकी नुसतं पाणी आणि फोडणी. सकाळी पोहे, रात्री ताक-भात, सगळं धरून दिवसाचे तीसेक ग्रॅम भरत होते. त्यामुळे आता आमचा नियम, मोजायचं ते कच्चं आणि कोरडं, शिजलेल्या वाटीवर विश्वास ठेवायचा नाही. कुठलीही डाळ घ्या, १०० ग्रॅमला २२-२४ ग्रॅम प्रोटीन धरा, हिशोब सोपा.

सगळ्यात मोठा बदल सकाळी केला. ५० ग्रॅम मूगडाळ रात्री भिजवायची, सकाळी आलं-मिरची-जिरं घालून वाटायची आणि धिरडी काढायची, दोन-तीन होतात, त्यातच १२ ग्रॅम मिळतात. सोबत चक्का. अर्धा लिटर दुधाचं दही लावून फडक्यात बांधून फ्रिजमध्ये रात्रभर चाळणीवर ठेवते, खाली निवळी पडते ती कणकेत जाते. दुधात १६ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं, थोडं निवळीत गेलं तरी चक्क्यात बारा-तेरा उरतं, निम्मा मी खाते. साखर नाही, मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी. दही वाटीभर खाल्लं तर पोट भरतं पण हाती चार-पाच ग्रॅमच लागतात, चक्का तेवढंच थोड्या घासात देतो, आणि माझ्यासारखी भूक कमी झालेल्यांना हे फार कामाचं.

दुपारी घट्ट वरण, ४० ग्रॅम डाळीचं, दोन पोळ्या, भाजी, वाटीभर दही, भात दोन घासच. सगळे मिळून वीसेक ग्रॅम. चार वाजता कपभर दूध. रात्री ताक-भात बंद करून ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी, साधारण १४-१५. एकूण साठाच्या आसपास जातं.

मोडांबद्दल एक सांगते, मोड आल्याने प्रोटीन वाढत नाही, मटकी पाणी पिऊन दुप्पट-अडीचपट दिसते एवढंच. पचायला हलकी होते आणि सी व्हिटॅमिन येतं, हा खरा फायदा. मी कच्चे मोड खात नाही, उबदार ओल्या फडक्यात जंतूही वाढतात आणि आमच्या वयाला ते झेपत नाहीत. आंबूस वास आला किंवा बोटाला चिकट लागलं तर सरळ फेकायचं. सुरुवातीला गॅसने पोट नगाऱ्यासारखं झालं होतं, मग पहिले काही दिवस मूठभरच घेतली, हिंग-ओवा घातला, कुकरला एक शिट्टी जास्त दिली (कवळीलाही बरं पडतं), आणि पाणी वाढवलं, नाहीतर पोट साफ होत नाही.

यासोबत खुर्चीतून उठ-बस आणि भिंतीला हात टेकून जोर चालूच आहेत, कारण नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काही महिन्यांनी तीच पाच उठ-बस १३ सेकंदांत झाली, वजन मात्र जेमतेम किलोभर वाढलं. सोयाबीन वड्या प्रोटीनला भारी, पण आमच्या ह्यांना वास आवडत नाही त्यामुळे घरात नाहीत. लग्नकार्यात जेवण सगळं भात-गोडाचं असतं, तिथे पर्समध्ये फुटाण्यांची पुडी असते, मूठभराने सहाएक ग्रॅम निघतात.