पाचव्या परिच्छेदातली परवानगी

शनिवारी रात्री दहा ते दोन आम्हाला सर्व्हर बदलायचा होता. तेवढा वेळ बिलिंग बंद ठेवायला हिशेब विभागाच्या मॅडमचा होकार हवा होता. मेल मी सोमवारीच पाठवला होता, पण शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर नाही. शेवटी त्यांच्या टेबलाशी गेलो.

"वाचला की मी तो," त्या म्हणाल्या. "माहितीसाठीच होता ना?"

त्यांनी फोनवर मेल उघडून माझ्यापुढे धरला. विषय होता "सर्व्हर स्थलांतराबाबत". पहिल्या स्क्रीनवर जुना सर्व्हर किती वर्षं चालला आणि गेल्या महिन्यात दोनदा कसा बंद पडला, एवढंच दिसत होतं. तीनदा वर सरकवल्यावर पाचवा परिच्छेद आला: "तरी वरील कालावधीत बिलिंग बंद ठेवण्यास आपली हरकत नसल्यास कृपया कळवावे."

त्यांची चूक नव्हती. मी ज्या क्रमाने विचार केला होता, त्याच क्रमाने लिहिलं होतं: आधी अडचण, मग पर्याय, मग निर्णय, शेवटी विनंती. वाचणारा मात्र पहिल्या दोन ओळींत एवढंच बघतो, की यात मला काही करायचंय का. तिथे काही सापडलं नाही की मेल "वाचला" या खात्यात जातो आणि पुन्हा उघडला जात नाही. शिवाय त्या वाक्याला तारीख नव्हती, आणि "हरकत नसल्यास कळवावे" म्हटल्यावर गप्प राहण्याचा अर्थ काय घ्यायचा, तेही ठरत नव्हतं.

तिथेच बसून मेल नव्याने लिहिला. विषयात थेट मागणी: "परवानगी हवी, आज सातपर्यंत: शनिवारी रात्री १० ते २ बिलिंग बंद". मग पहिली ओळ:

"मॅडम, शनिवारी रात्री १० ते २ बिलिंग बंद ठेवायला तुमचा होकार हवा आहे. आज सातपर्यंत 'हो' किंवा 'नाही' कळवा. उत्तर आलं नाही तर आम्ही काम पुढच्या शनिवारी ढकलू."

त्याखाली कारण दोन वाक्यांत. जुन्या बिघाडांचा इतिहास अगदी तळाला, "अधिक तपशील" म्हणून. तो मी काढला नाही. ज्याला शंका येईल त्याला तो लागतोच. "प्रत" मध्ये आधी सहा जणांची नावं होती, तीही काढली. सगळ्यांना गेलेली विनंती कुणालाच आपली वाटत नाही. अनोळखी माणसाला लिहिताना मात्र मी मागणीआधी आपण कोण, हे एका ओळीत सांगतो. नाहीतर ती हुकूम वाटते.

वीस मिनिटांत उत्तर आलं: "दहाऐवजी अकराला सुरू करा. शनिवारची शेवटची बिलं साडेदहापर्यंत निघतात."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काम अकराला सुरू केलं.