एमएमआर आणि कांजिण्यांच्या लशीनंतर किती थांबायचं? माझा अनुभव

एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस, किंवा कांजिण्यांची लस घेतल्यावर दिवस राहू देण्याआधी एक महिना थांबायचं, म्हणजे २८ दिवस. हे आधीच सांगून टाकते, कारण या एका उत्तरासाठी मला जे झगडावं लागलं त्याचा राग अजून गेलेला नाही. ज्यांना फक्त उत्तर हवं होतं त्यांचं काम इथेच झालं. ज्यांच्या हातात कुणी 'तीन महिने थांबा' असा छापील कागद ठेवला असेल त्यांनी पुढचं वाचा.

माझं वय छत्तीस, एएमएच कमी, म्हणजे बीजांचा साठा कमी, त्यामुळे आययूआय, म्हणजे शुक्रजंतू थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, करायचं ठरलं होतं. त्याआधी दादरच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरबाईंनी थायरॉईड, हिमोग्लोबिन वगैरेंबरोबर रुबेला आणि कांजिण्यांची आयजीजी तपासणी लिहून दिली. आयजीजी म्हणजे पूर्वी रोग झाल्याची किंवा लस लागू पडल्याची शरीरातली खूण. माझ्या दोन्ही तपासण्या निगेटिव्ह आल्या. मला आश्चर्य वाटलं, कारण लहानपणी सगळ्या लशी घेतल्याचं आई छातीठोकपणे सांगत होती. आई चुकत नव्हती. आमच्या लहानपणी सरकारी कार्यक्रमात फक्त गोवराची लस होती. रुबेलाची लस त्यात आली ती २०१७ साली गोवर-रुबेला मोहीम सुरू झाली तेव्हा. महाराष्ट्रात ती मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तीही पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी. म्हणजे माझ्या वयाच्या कितीतरी बायका मधल्या फटीत राहिल्यात. ज्यांना लहानपणी खाजगी डॉक्टरांकडे एमएमआर मिळाली किंवा नकळत रुबेला होऊन गेला, त्याच सुरक्षित.

आणि रुबेला ही हलक्यात घेण्याची गोष्ट नाही. मोठ्या माणसाला दोन-तीन दिवस पुरळ आणि थोडा ताप, बस. पण गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाला तर दहातल्या नऊ बाळांपर्यंत त्याची झळ पोचू शकते: मोतीबिंदू, बहिरेपण, हृदयातले दोष. म्हणून दिवस राहण्याआधीच लस घ्यायची, कारण गरोदरपणात ती देत नाहीत.

लस घेणं सोपं होतं. महापालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळतात त्या मुलांच्या लशी, मोठ्यांची एमएमआर नाही. त्यामुळे भाचीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ६ जानेवारीला एका दंडात एमएमआर आणि दुसऱ्या दंडात कांजिण्यांची लस एकाच दिवशी दिली. हे फार महत्त्वाचं आहे. दोन्ही लशी एकाच दिवशी घेता येतात, पण तसं केलं नाही तर मध्ये चार आठवडे सोडावे लागतात. म्हणजे नुसत्या वेळापत्रकापायी एक महिना फुकट जातो. ३ फेब्रुवारीला कांजिण्यांचा दुसरा डोस झाला. मोठ्यांना कांजिण्यांचे दोन डोस लागतात, मध्ये चार ते आठ आठवडे. रुबेलासाठी एक डोस पुरतो. कुणाला अगदीच घाई असेल आणि पहिल्या डोसनंतरचा महिना संपल्यावर दिवस राहिले, तर कांजिण्यांचा दुसरा डोस बाळंतपणानंतर घेतात. मला दोन्ही आधीच हवे होते, कारण माझी नणंद शाळेत शिकवते आणि आमच्या घरात कांजिण्या केव्हाही येऊ शकतात.

खरी अडचण आली आययूआयच्या केंद्रात. तिथल्या काउंटरवर एक फॉर्म देतात. त्यात एक ओळ होती: 'गेल्या तीन महिन्यांत कोणतीही लस घेतली आहे का?' मी 'हो' लिहिलं. समुपदेशक ताईंनी फाइल बंद केली आणि म्हणाल्या, "मॅडम, आता मे महिन्यात या. शेवटच्या डोसपासून तीन महिने पूर्ण व्हायला हवेत, आणि त्यानंतर जी पाळी येईल तिच्यापासून सुरू करू."

मी विचारलं, "एमएमआरला एक महिना पुरतो ना?"

"आमचा प्रोटोकॉल तीन महिन्यांचा आहे."

"पण का?"

"सगळ्यांना हेच सांगतो."

त्या फॉर्मवर गोवर, फ्लू, हेपॅटायटिस बी, धनुर्वात असा काही फरकच नव्हता. 'कोणतीही लस'. टोचायच्या फ्लूच्या, हेपॅटायटिस बीच्या आणि धनुर्वाताच्या लशीत जिवंत विषाणू किंवा जंतू नसतो, तिथे थांबायचा प्रश्नच नाही. फ्लूची ती लस तर गरोदरपणातही देतात. एचपीव्हीचंही तेच: तिच्यासाठी थांबावं लागत नाही, फक्त मध्येच दिवस राहिले तर उरलेले डोस बाळंतपणानंतर घेतात. थांबायचं ते फक्त जिवंत पण कमजोर केलेल्या विषाणूच्या लशींनंतर, जसं एमएमआर आणि कांजिण्या. तो विषाणू काही काळ शरीरात वाढतो, आणि त्या काळात गर्भ नसलेला बरा, एवढंच कारण.

मग हे तीन महिने आले कुठून, हे मी आमच्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं. रुबेलाच्या लशीनंतर पूर्वी खरोखरच तीन महिने सांगत. अमेरिकेत १९७१ ते १९८९ या काळात, नकळत गरोदरपणात किंवा दिवस राहायच्या थोडं आधी लस घेतलेल्या बायकांची नोंद ठेवली गेली. ज्यांच्या अंगात रुबेलाविरुद्ध ताकद नव्हती अशा तीनशेहून जास्त बायकांची बाळं तपासली, आणि एकाही बाळात जन्मजात रुबेलाचे दोष दिसले नाहीत. या आणि अशा नोंदींच्या आधारे तिथल्या लसतज्ज्ञांच्या समितीने २००१ साली मुदत तीन महिन्यांवरून २८ दिवसांवर आणली. कांजिण्यांसाठीही त्या समितीचा सल्ला एका महिन्याचा आहे. पण तिथे बनणाऱ्या कांजिण्यांच्या लशीच्या माहितीपत्रकात अजून तीन महिने छापलेलं असतं. म्हणून कुणी डॉक्टर कांजिण्यांसाठी तीन महिने म्हणाला तर तो मनाने सांगत नसतो. पण एमएमआरसाठी, आणि त्याहून पुढे 'कोणत्याही लशीसाठी' तीन महिने, हे जुन्या कागदावरून नव्या कागदावर उतरत आलेलं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला त्याहून जास्त खटकली. २८ दिवस मोजायचे कुठून कुठपर्यंत? शेवटच्या डोसपासून गर्भधारणेपर्यंत, पाळीपर्यंत नव्हे. माझं उदाहरण घ्या. दुसरा डोस ३ फेब्रुवारीला, २८ दिवस संपले ३ मार्चला. माझी पाळी आली २४ फेब्रुवारीला. केंद्राच्या हिशेबाने ही पाळी 'मुदतीच्या आत', म्हणून बाद. पण त्या पाळीत बीज सुटणार साधारण ९ मार्चच्या आसपास, म्हणजे मुदत संपल्यानंतर. बीज वाढवणाऱ्या गोळ्या पाळीच्या तिसऱ्या दिवशी सुरू होतात. गोळ्या मुदतीच्या आत घेतल्याने काहीच बिघडत नाही, आययूआय मुदतीनंतर झालं की झालं. ३ मार्चपर्यंत मात्र कंडोम वापरायचा. हिशेब चुकीच्या टोकाकडून केला तर एक अख्खं चक्र जातं, आणि कमी एएमएच असलेल्या बाईला एक चक्र म्हणजे काय हे ज्या काउंटरवर बसतात त्यांना कळायला हवं.

मी पुन्हा गेले. काउंटरवर तेच उत्तर. मी म्हटलं, मला मुख्य डॉक्टरांशी बोलायचंय. त्या ओटीत आहेत, बसा. बसले. दुपार गेली. शेवटी निरोप आला की लशी कधी घेतल्या याचं डॉक्टरांचं पत्र आणा. हे पत्राचं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं!

आमच्या डॉक्टरबाईंनी लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या: कोणत्या लशी, कोणत्या तारखांना, शेवटचा डोस कधी, आणि गर्भधारणा ३ मार्चनंतर चालेल. सोबत लसीकरण कार्डाची झेरॉक्स. मुख्य डॉक्टरांनी ते उभ्या उभ्या वाचलं, तारखा बोटांवर मोजल्या आणि सही करून त्याच पाळीत गोळ्या सुरू करायला सांगितल्या. पाच मिनिटंही लागली नाहीत. इतके दिवस ज्या ओळीने मला अडवलं ती ओळ ज्यांनी ठरवायची त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. म्हणून सांगते, वाद काउंटरवर घालू नका. तारखा असलेलं पत्र घ्या आणि डॉक्टरांच्याच हातात द्या. मी केंद्रातून बाहेर पडले तेव्हा खरंच हायसं वाटलं, आणि स्वतःचा अभिमानही वाटला.

घरची शंका वेगळीच होती. सासूबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की या लशीने मूल राहत नाही. २०१८ च्या मोहिमेच्या वेळीही असे मेसेज फिरलेच होते. लशीने वंध्यत्व येत नाही. उलट गालगुंड हा रोगच पुरुषांना त्रास देतो: वयात आल्यावर झाला तर अंडकोष सुजू शकतात आणि शुक्रजंतू कमी होऊ शकतात. माझ्या दिराला कॉलेजात असताना गालगुंड होऊन ते दुखणं भोगावं लागलं होतं, त्याची आठवण करून दिल्यावर सासूबाई गप्प झाल्या. नवऱ्यानेही एमएमआर घेतली. पुरुषाने लस घेतली तर थांबायची गरज नसते.

कोविडच्या लशीबद्दलही त्यांनी विचारलं. त्या लशीने काही जणींची पाळी पुढेमागे झाली, ती सरासरीने एका दिवसाहूनही कमी, आणि नंतर पूर्ववत. मूल राहण्याच्या शक्यतेवर परिणाम दिसलेला नाही.

राहिलेलं एक. एमएमआरनंतर आठवडा-दीड आठवड्याने मला गुडघे आणि बोटांचे सांधे दुखले. मोठ्या बायकांना रुबेलाच्या भागामुळे हे होतं आणि आपोआप जातं. आधी माहीत असलं की घाबरायला होत नाही.

आणि कुणाला लस घेतल्यावर महिन्याच्या आतच दिवस राहिल्याचं कळलं, तर त्या कारणासाठी गर्भपात करायचा नसतो. ज्या नोंदींवरून मुदत कमी झाली त्याच नोंदी हे सांगतात. तारखा डॉक्टरांना सांगा, नेहमीच्या तपासण्या करा. कुणी घाबरवून लगेच निर्णय घ्यायला लावत असेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा.

लस घेतल्यानंतर कांजिण्यांची आयजीजी परत तपासत बसू नका. बाजारातल्या बऱ्याच तपासण्या लशीने आलेली ताकद पकडतच नाहीत, आणि निगेटिव्ह रिपोर्ट पाहून पुन्हा तुमचे महिने जातील. कार्डावरच्या दोन तारखा हाच पुरावा. त्या कार्डाचा फोटो फोनमध्येही ठेवा.