टकलावर केस लावणारा स्टुडिओ: आमची वाटचाल

बार्शीतला आमचा स्टुडिओ अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ब्लॅक अँड व्हाइटच्या काळात सुरू केला. लग्नं, पासपोर्ट, गेलेल्या माणसाचा फोटो मोठा करून फ्रेम, हा तेव्हाचा धंदा आणि खरं सांगायचं तर थोड्याफार फरकाने आजही तोच आहे. पण आजूबाजूच्या तालुक्यांतले स्टुडिओवाले आमच्याकडे स्वतःचं काम पाठवतात ते एकाच गोष्टीसाठी, फोटोतले विरळ झालेले केस भरायला. आमच्या लाइनीत याला सरळ "केस लावणं" म्हणतात. याची सुरुवात अण्णांपासूनच झाली, म्हणून आधी त्यांचं सांगतो.

तेव्हा रिटचिंग निगेटिव्हवर व्हायचं, टोक काढलेल्या शिसपेन्सिलीने. सुरकुत्या, डाग, डोळ्याखालचं काळं, सगळं पेन्सिलीने जायचं, कारण निगेटिव्हवर जिथे शिसं लागेल तिथे प्रिंट उजळ येते. आता गंमत बघा, टक्कल ही मुळातच उजळ जागा, निगेटिव्हवर ती काळी दिसते, आणि आपल्याला प्रिंटवर ती गडद करायचीय. म्हणजे निगेटिव्हवरचा काळा थर कमी करायला पाहिजे, आणि ते पेन्सिलीने होत नाही, त्याला बारीक पात्याने खरवडावं लागतं, आणि पातं जरा खोल गेलं की संपलं, ती जागा प्रिंटवर काळीकुट्ट ओरखड्यासारखी येणार. म्हणून अण्णा टकलाच्या कामाला निगेटिव्हला हातच लावायचे नाहीत. आधी मॅट कागदावर मोठी प्रिंट काढायची, ग्लॉसीवर ब्रशचं काम उजेडात लगेच दिसतं, आणि मग ०००नंबरच्या ब्रशने पातळ केलेला स्पॉटिंगचा रंग लावायचा. ब्रश बुडवला की टीपकागदावर टेकवून जवळजवळ कोरडा करायचा, मगच प्रिंटला लावायचा. एका हातात काळं करायचंच नाही, पातळ थरावर थर. झाल्यावर त्या प्रिंटचाच परत फोटो काढून नवी निगेटिव्ह करायची, म्हणजे पाहिजे तेवढ्या कॉप्या.

यातली एक गोष्ट मी लहानपणी बघायचो पण कळायची नाही. अण्णा आधी केस काढायचेच नाहीत. आधी नुसती कातडी थोडी सावळी करून घ्यायचे, आणि मग त्यावर मोजकेच केस. विचारलं तर म्हणायचे, "अरे, दाट केसातून कातडी दिसत नाही, विरळ केसातून दिसते. दिसते ती तशीच पांढरी ठेवलीस तर कितीही केस काढ, ते वर चिकटवलेलेच दिसणार."

पुढे दुकानात कॉम्प्युटर आला, फोटोशॉप ७ आलं, त्यात हीलिंग ब्रश नवीनच होता. पिंपल्स, डाग एका क्लिकला जायला लागले, त्यामुळे सगळ्यांनी तोच केसांनाही वापरायला घेतला आणि सगळीकडे तोच प्रकार दिसायला लागला, कपाळ आणि केस यांच्या मधे एक मळकट धुरकट पट्टा. कारण साधं आहे. हीलिंग ब्रश सोर्समधून फक्त पोत घेतो, रंग आणि उजेड मात्र जिथे लावतोय तिथल्या आजूबाजूचा धरतो. बाजूला कातडी असली की केसांचा पोत कातडीच्या रंगात येतो, ना केस ना कातडी. केसांना सोर्स जसाच्या तसा उतरवणारा क्लोन स्टॅम्पच पाहिजे, नाहीतर उचलून आणलेला केसांचा तुकडा.

दुसरा प्रकार सॉफ्ट ब्रशचा. लोकांना वाटतं कडा मऊ पाहिजे म्हणजे ब्रशची हार्डनेस शून्य करायची. त्याने केस अर्धवट पारदर्शक होतात, कडेला धुकं येतं. खऱ्या माणसाच्या कपाळावर बघा ना, तिथे एकही केस धूसर नसतो, प्रत्येक केस स्वच्छ दिसतो, फक्त पुढे पुढे येताना ते कमी होत जातात, बारीक होतात, आखूड होतात. मऊपणा येतो तो या कमी होत जाण्यातून. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं समजा.

आता एक काम नीट सांगतो. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो होता, बारा बाय अठराची फ्रेम करायची होती. नवरा-बायको शेजारी बसलेले, उजेड फोटोच्या डाव्या बाजूच्या खिडकीतून. काकांच्या कपाळाचे दोन्ही कोपरे बरेच मागे गेलेले, मधे पुढे आलेला केसांचा एक विरळ झुपका, आणि डाव्या कोपऱ्यावर खिडकीची चकाकी. काकू म्हणाल्या, "दादा, केस लावा, पण माझ्या शेजारी दुसराच कोणीतरी बसलाय असं नको वाटायला." काका गप्पच होते. मी म्हटलं कोपरे पूर्ण भरत नाही, निम्मेच पुढे आणतो, आणि ते त्यांना पटलं. हे मी सगळ्यांनाच सांगतो. पन्नाशीच्या चेहऱ्यावर विशीची केसांची रेघ आणली की बघणाऱ्याला नक्की काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे लगेच कळतं.

पहिलं काम चकाकी उतरवणं. नवीन लेयर, त्या लेयरचा मोड Darken, क्लोन स्टॅम्प, वर Sample मधे Current & Below, ओपॅसिटी वीस-पंचवीस टक्के, आणि सोर्स त्याच कपाळाची न चमकणारी कातडी. Darken मोडमुळे फक्त जास्त उजळ जागाच खाली येते, बाकीची कातडी जशीच्या तशी. चकाकी पूर्ण घालवायची नाही हां, नाहीतर कपाळ सपाट होतं.

दुसरं, अण्णांची ती सावळी कातडी. वेगळा लेयर, मोड Multiply, आणि इथे मात्र सॉफ्ट ब्रशच, ओपॅसिटी आठ-दहा टक्के. रंग काळा घ्यायचा नाही, कानाच्या वर जिथे केसांच्या मुळाशी कातडी दिसते तिथला करडा-तपकिरी रंग उचलायचा. केसांच्या बाजूला दोन-चार हात जास्त, कपाळाकडे येताना हलकं हलकं होत संपलेलं. एवढंच करून फोटो लांबून बघा, एकही केस लावलेला नसतो तरी कोपरे निम्मे भरल्यासारखे वाटतात.

मग तुकडे. डाव्या कोपऱ्याला डाव्या बाजूचेच केस घेतले, उजव्याला उजव्याचे. एक बाजू फ्लिप करून दुसरीकडे लावायची सवय पुष्कळांना असते, पण उजेड एका बाजूचा असला की केसांवरची चमक उलटी पडते. लॅसोने छोटा तुकडा, Ctrl+J, मग Ctrl+T करून वॉर्पने वळण जुळवलं. तुकड्याला काळा मास्क लावला आणि पांढऱ्या बारीक ब्रशने केसांच्या दिशेनेच रेघा ओढत तेवढेच केस उघडे केले. सगळं एकाच तुकड्यातून घ्यायचं नाही, दोन-तीन ठिकाणचे घ्यायचे, नाहीतर एखादी ठळक बट दोनदा दिसते आणि माणसाची नजर नेमकी तिथेच जाते.

शेवटी कडेचे सुटे केस, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. पेन टॅब्लेट, दोन-तीन पिक्सेलचा ब्रश, जाडी पेनच्या दाबावर, म्हणजे मुळाशी जाड आणि टोकाला निमुळता. रेघ मुळापासून सुरू करून केस जिकडे झुकलेत तिकडे ओढायची, लांबी कमी-जास्त, मधेच एखादा दुसऱ्याला आडवा जाणारा. कडेची ओळ सरळ येऊ द्यायची नाही, थोडी आत, थोडी बाहेर, मधे एखादी मोकळी जागा. रंग त्याच डोक्यावरचे तीन, गडद, मधला आणि पिकलेला. काकांच्या कानाजवळ चांगलेच पांढरे होते, त्यामुळे नवीन केसांतही पांढरे मिसळले, नाहीतर पुढून काळेभोर आणि बाजूने पिकलेले म्हणजे कलप लावल्यासारखं दिसलं असतं.

हाताने काढलेले केस फोटोपेक्षा जास्त स्वच्छ असतात, कॅमेऱ्याचा दाणा त्यांच्यात नसतो. म्हणून त्या लेयरला अर्ध्या पिक्सेलच्या आतला गॉशियन ब्लर आणि एक-दोन टक्के नॉइज, Monochromatic वर टिक करून. मग तपासणी. फोटो आडवा फ्लिप करून बघायचा, पंचवीस टक्के झूमवर बघायचा, आणि वरती एक ब्लॅक अँड व्हाइट लेयर टाकून बघायचा. रंग गेला की भरलेल्या जागेचा करडेपणा बाजूशी जुळतोय की नाही हे लगेच उघडं पडतं. काकांच्या फोटोत उजवा कोपरा जरा जड वाटला, तिथली सावळी कातडी मास्कने थोडी कमी केली. मग फक्त डोक्याचा भाग खऱ्या साइझमधे छोट्या कागदावर छापून बघितला आणि नंतरच मोठी प्रिंट काढली.

माथ्यावरचं टक्कल याहून अवघड, कारण तिथे भोवरा असतो. केस मधून गोल फिरत बाहेर जातात, आणि बाजूचे सरळ केस आणून तिथे बसवले की विग तयार. आम्ही आधी एका रिकाम्या लेयरवर लाल रेघांनी केसांच्या दिशा काढून घेतो, मग त्या दिशेने छोटे छोटे तुकडे फिरवून लावतो, आणि भोवऱ्याच्या मध्यात कातडीचा एक ठिपका मुद्दाम ठेवतो. बायकांचा भांग रुंद झालेला असेल तर तिथेही तेच, दोन्ही बाजूंनी आत यायचं पण भांगाची कातडी दिसलीच पाहिजे.

काही कामं आम्ही घेत नाही. पासपोर्ट, व्हिसा, कुठल्याही ओळखपत्राचा फोटो असेल तर केसाला हात लावत नाही, तो फोटो आणि समोरचा माणूस जुळायला पाहिजे. लग्नाच्या बायोडाटाच्या फोटोत चकाकी कमी करून देतो, केस लावून देत नाही, भले गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ दे, गेलेही आहेत. आणि डोक्यावर केसच नाहीत, उचलायला सोर्स नाही, अशा वेळी त्याच माणसाचा जुना फोटो मागतो. पण त्यात उजेड त्याच बाजूचा आणि मान साधारण तशीच वळलेली पाहिजे, आणि हे फार कमी वेळा जमून येतं. नाही जमलं तर सरळ नाही म्हणतो.

सध्या निम्म्याहून जास्त काम व्हॉट्सॲपवर येतं, आणि तिथेच घोळ होतो. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो छोटा होऊन, दाबून येतो, केसांचे बारीक धागे आधीच चिखल झालेले असतात, मग त्यातून उचलायचं काय? म्हणून स्टुडिओवाल्यांना आणि घरच्या गिऱ्हाइकांना एकच सांगणं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि कागदावरचा जुना फोटो असेल तर मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका, तो दुकानातच घेऊन या, आम्ही ६०० डीपीआयला स्कॅन करतो आणि तुमचा फोटो तिथल्या तिथे परत देतो.