आत्ताच तर जाऊन आले

“परीक्षा, मुलाखत, काहीही महत्त्वाचं असलं की दर पाच मिनिटांनी लघवीला लागते. आत्ताच जाऊन आलेलो असतो, तरी! एवढी येते कुठून?”

येत नाहीच. मी मोजून पाहिलंय.

पेल्विक फ्लोअरच्या, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंची फिजिओथेरपी हे माझं काम. अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पेशंटला मी पहिल्याच भेटीत एक मापाचा प्लास्टिकचा मग आणायला सांगते. तीन दिवस प्रत्येक वेळची लघवी मोजायची आणि वेळेसकट लिहून ठेवायची. गंमत म्हणजे लेक्चर द्यायचं असलं की माझीही तुमच्यासारखीच गत व्हायची. शेवटी एकदा तो मापाचा मग पर्समध्ये टाकून नेला. लेक्चर नऊला होतं. ८.१० ला २८० मिली. ८.३५ ला ४५. ८.५० ला २०, तेही थांबत थांबत. आणि घाई सगळ्यात जास्त कधी झाली होती? त्या २० मिलीच्या वेळी.

मूत्रपिंडं एरवी मिनिटाला साधारण एक ते दोन मिली लघवी तयार करतात. म्हणजे पंचवीस मिनिटांत ४५ मिली जमली यात नवल काही नाही. त्यांनी त्यांचं रोजचंच काम केलं होतं. (धीर यावा म्हणून तासाभरापूर्वी दोन कप चहा ढोसला असेल तर हिशेब बदलतो, तेव्हा खरोखरच जास्त तयार होते.) मूत्राशय भरतंय याची पहिली जाणीव बहुतेकांना १५० ते २०० मिलीच्या आसपास होते, आणि ४०० ते ५०० मिली मावते. रविवारी दुपारी लोळत पडलेलं असताना पोटात ४५ मिली आहे याचा कुणाला पत्ताही लागत नाही. तेवढीच लघवी लेक्चरच्या आधी दार ठोठावते. वाढलेली असते ती बातमी, लघवी नव्हे.

इथे बरेच जण सांगतात, “अॅड्रेनालिन वाढतं आणि ते मूत्राशय आवळतं.” ऐकायला पटतं, पण आहे जवळजवळ उलटं. घाबरल्यावर जी सिंपथेटिक मज्जासंस्था जोरात येते, ती मूत्राशयाच्या भिंतीचा स्नायू सैल सोडते आणि तोंडाशी असलेली झडप घट्ट करते. पळून जाताना लघवी थांबवून धरावी, अशीच ही व्यवस्था. स्नायू आकसून मूत्राशय रिकामं करण्याचं काम पॅरासिंपथेटिक नसांचं. त्या कण्याच्या अगदी खालच्या टोकातून निघतात. म्हणून तर एवढ्या घाईने जाऊन उभं राहावं आणि थेंब येऊ नये, असंही होतं. झडप बंद, भीतीने खालचे स्नायूही आखडलेले, आणि मागे कुणी उभं असलं तर विचारूच नका.

मग घाई वाटते ती कुठे? वर, मेंदूत. मूत्राशयाच्या भिंतीला ताण बसला की त्याची बातमी कण्यातून चढत मध्यमेंदूपर्यंत जाते. ती दिवसभर जातच असते. कपाळामागचा मेंदू तिला “आत्ता नाही” म्हणून थोपवून धरतो, आणि तो “हं, आता” म्हणेपर्यंत मेंदूच्या देठातलं बटण दाबलं जात नाही. बॅरिंग्टन या ब्रिटिश सर्जनने मांजरांवर प्रयोग करून १९२५ मध्ये या बटणाची जागा दाखवली. तिला आजही बॅरिंग्टनचं केंद्रक म्हणतात. त्याच्या अगदी शेजारी लोकस सेरुलियस नावाचा इवलासा पुंजका आहे, आणि सबंध मेंदूला खडबडून जागं करणं हे त्याचं काम. उंदरांच्या मूत्राशयात पाणी भरून ताण दिला की हा पुंजका चेततो. पहाटे भरलेल्या मूत्राशयाने झोप मोडते, त्यामागे हीच शेजारधर्माची वायरिंग असावी. सावध होणं आणि लघवी लागणं यांचं घर असं भिंतीला भिंत लावून आहे.

आता लेक्चरच्या दहा मिनिटं आधीची स्थिती बघा. जागं करणारा पुंजका आधीच पेटलेला. शरीराच्या आतल्या बारीकसारीक हालचाली टिपणारा मेंदूचा भाग कान टवकारून बसलेला. धडधड ऐकू येते, पोटातला गोळा जाणवतो, तशीच ती ४५ मिलीही. आणि “आत्ता नाही” म्हणणारा साहेब पहिली स्लाइड आठवण्यात गुंतलेला. एरवी खालच्या खाली दबणारी बातमी थेट त्याच्या टेबलावर येऊन पडते.

इथपर्यंत ठीक आहे, हे प्रत्येकाचं थोडंफार होतं. बिघडतं ते पुढे. आपण जाऊन येतो आणि दोन मिनिटं बरं वाटतं. ते बरं वाटणं रिकामं झाल्याचं कमी आणि तिथून सटकल्याचं जास्त असतं. मेंदू मात्र शिकतो, की भीती वाटली की लघवीला जायचं. काही महिने “असू दे, आत्ताच जाऊन घेते” केलं की हळूहळू थोड्याशा लघवीलाही घाई होऊ लागते आणि मग साध्या दिवशीही तेच.

घाई लाटेसारखी येते. चढते, माथ्यावर जाते आणि बहुधा मिनिटभरात ओसरते. सगळे नेमके माथ्यावर असताना पळतात. मी पेशंटला उलटं करायला लावते. आहात तिथे थांबा किंवा बसा. लघवी अर्ध्यात रोखताना जे स्नायू आवळतो तेच पटकन आवळा आणि पूर्ण सोडा, असं पाच-सहा वेळा. या आवळण्याने कण्यातली एक प्रतिक्षिप्त क्रिया जागी होते आणि मूत्राशयाचा स्नायू शांत होतो. सोबत शंभरातून सात-सात वजा करत जा. त्या साहेबाला काम दिलं की बातमीकडचं लक्ष हटतं. लाट गेली की मग ठरवा, जायचं की नाही. सतत आवळून धरू नका, त्याने स्नायू थकतात आणि दुखतात.

मगाने आणखी एक कळतं. ताणाच्या दिवशी आकडे लहान-लहान, सुटीच्या दिवशी २५० ते ४००, आणि रात्री शांत झोप, असं असेल तर हीच भानगड. पण दर वेळी भरभरून होत असेल आणि तहानही फार असेल तर आधी साखर तपासा. जळजळ, रक्त, ताप, किंवा निवांत दिवशीही रात्री वारंवार उठावं लागणं, ही माझ्याकडे नाही, डॉक्टरांकडे दाखवायची कामं. आणि मांड्यांमधला भाग बधिर होऊन लघवी होईनाशी झाली तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

परवाच्या लेक्चरला ८.२० ला एकदाच गेले, २६० मिली. ८.५० ला लाट आलीच. व्हरांड्यात नोटिसा वाचत असल्यासारखी उभी राहिले, सहा वेळा आवळलं, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी... बहात्तरपाशी शिपाई माइक चालू झाल्याचं सांगायला आला. लेक्चर संपल्यावर, १०.४० ला मोजली, १९० मिली.